वॉशिंग मशीनचं पाणी: कुठून यावं, कुठे जावं

मशीन सुरू केलं. पाणी भरायला लागलं आणि बराच वेळ झाला तरी भरतंच आहे. ड्रम धड फिरत नाही, कपडे नुसते ओले होऊन पडलेत, आणि बाल्कनीतल्या जाळीवर मात्र स्वच्छ पाण्याची धार लागली आहे. शेवटी मशीन कंटाळून थांबतं आणि पडद्यावर अक्षरं येतात. एलजीचं मशीन असेल तर IE, सॅमसंगचं असेल तर 4C. दोन्हींचा अर्थ एकच, पाणी पुरेसं येत नाही. घरातले लोक नळ उघडून बघतात, तर नळाला पाणी धो धो.

बिघाड नळात नसतो आणि मशीनमध्येही नसतो. बिघाड असतो तो मशीनच्या मागून निघून जमिनीवर लोळत जाळीपर्यंत गेलेल्या पाइपात. त्याचं तोंड जमिनीला टेकलेलं असतं, म्हणजे ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. पिंपातलं पाणी काढताना नळीचं एक टोक पाण्यात बुडवून दुसरं खाली सोडलं आणि एकदा ओढ दिली, की पाणी आपोआप वाहत राहतं. इथेही तेच होतं. आधीच्या वेळी मशीनच्या पंपाने पाणी बाहेर ढकलताना पाइप पूर्ण भरलेला असतो. पंप थांबला तरी उताराची ओढ थांबत नाही, आणि वरून नळाचं येणारं पाणी खालून तसंच निघून जातं. याला सायफन म्हणतात. उपाय फुकटचा आहे. पाइपाचं तोंड जमिनीवरून उचलून पुरेशा उंचीवर अडकवायचं.

पुरेशी म्हणजे किती? पुढून दार असलेल्या, म्हणजे फ्रंट लोड मशीनसाठी बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारण 60 ते 100 सेंटिमीटर ही मर्यादा असते. ही उंची जमिनीपासून मोजायची, मशीनच्या पायांपासून नाही. मशीन स्टँडवर ठेवलं असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो, कारण स्टँडमुळे ड्रममधली पाण्याची पातळीही वर चढते. स्टँड जितका उंच, तितकी खालची मर्यादा वाढवायची, वरची मात्र जमिनीपासून तीच धरून चालायचं. पाइप त्याहून वर नेला, तर पंपाला पाणी चढवताना दम लागतो, मशीन रिकामं व्हायला वेळ घेतं आणि एलजीच्या पडद्यावर IE ऐवजी OE दिसतं, सॅमसंगच्या पडद्यावर 5C. म्हणजे पाणी बाहेर जात नाही.

वरून झाकण असलेल्या टॉप लोड मशीनची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे दुकानातही गोंधळ होतो. आपल्याकडच्या अनेक टॉप लोड मशीनना पाणी काढायचा पंपच नसतो. तळाची झडप उघडते आणि पाणी स्वतःच्या वजनाने वाहून जातं. सेमी ऑटोमॅटिकमध्येही साधारण हीच व्यवस्था असते. अशा मशीनचा पाइप उभ्या पाइपात वर अडकवला, तर एक थेंबही बाहेर पडणार नाही. तो जमिनीलगतच हवा, आणि वाटेत उंबरा किंवा विटेची कड ओलांडायला लावायची नाही. पंप असलेल्या टॉप लोडला उलट फ्रंट लोडपेक्षा जास्त उंची लागते, कारण त्याच्या टबात पाणी बरंच वरपर्यंत भरतं. म्हणून मशीन घेताना 'पंप आहे का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बाल्कनीतलं पाण्याचं सगळं काम त्या एका उत्तरावर अवलंबून असतं.

पंपवाल्या मशीनसाठी भिंतीलगत जो पाइप उभा करतात, त्याला प्लंबर 'ड्रेनचा उभा पाइप' म्हणतात. पीव्हीसीचा, 50 मिलिमीटरचा, बोलीभाषेत दोन इंची. वर तोंड उघडं, खाली सांडपाण्याच्या वाटेला जोडलेला. मशीनचा ड्रेन पाइप वरून या तोंडात वाकडा सोडायचा, बस्स. रचना इतकी साधी की कुणी तिच्याकडे लक्षच देत नाही, आणि त्यामुळे तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक, पाइप बारीक घेणे. मशीनचा ड्रेन पाइप बाहेरून अडीच सेंटिमीटरच्या आसपास जाड असतो. उभा पाइप सव्वा इंची घेतला तर तो त्यात जेमतेम शिरतो आणि हवेला जागा उरत नाही. हवा नसली की सायफन परत सुरू होतो, भले तोंड योग्य उंचीवर का असेना. याच कारणासाठी ड्रेन पाइप खोलवर कोंबायचाही नाही. वाकडं टोक दहा-पंधरा सेंटिमीटर आत गेलं की पुरे. ते निसटू नये म्हणून पट्टीने किंवा प्लॅस्टिकच्या टायने उभ्या पाइपाला बांधायचं, तोंड मात्र मोकळं ठेवायचं.

दुसरी चूक घरचेच करतात. पाइपातून वास येतो, रात्री झुरळं निघतात, म्हणून तोंडात फडकं कोंबतात किंवा भोवती सेलोटेप गुंडाळतात. हवा पुन्हा बंद. वासाचं खरं कारण वर नसून खाली आहे. सांडपाण्याच्या वाटेवर कुठेतरी पाण्याचं अडवण असावं लागतं, ज्यामुळे गटाराची हवा घरात येत नाही. आपल्या घरांत हे काम न्हाणी ट्रॅप करतो. जाळी उचलली की आत वाटीसारखा भाग दिसतो, त्यात कायम पाणी साठून राहतं. उभा पाइप या पाण्याच्या अलीकडे, म्हणजे ट्रॅपच्या घराकडच्या बाजूला सोडला असेल तर वास येता कामा नये. येत असेल तर एक तर पाइप ट्रॅप टाळून थेट खालच्या पाइपात घातलेला आहे, किंवा ट्रॅप कोरडा पडला आहे. महिनाभर गावाला जाऊन आल्यावर येणारा वास बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने असतो, आणि तो एक तांब्या पाणी ओतल्यावर जातो. पहिलं कारण असेल तर प्लंबर बोलवावा लागतो. मात्र न्हाणी ट्रॅप असताना उभ्या पाइपाला आणखी एक वाकडा ट्रॅप लावू नये. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी गुडगुडत, अडत जातं.

तिसरी चूक जाळीची आहे. फ्रंट लोड मशीनचा पंप मिनिटाला साधारण 15 ते 20 लिटर पाणी फेकतो. 75 सेंटिमीटर उंचीच्या दोन इंची पाइपात मावतं जेमतेम सव्वा लिटर. खालची वाट तुंबली असेल तर हा पाइप चार-पाच सेकंदांत काठोकाठ भरतो आणि पाणी वरून ओसंडतं. ओसंडलेलं पाणी मशीनच्या मागे पडतं, त्यामुळे ते दिसतं तेव्हा बाल्कनीतून स्वयंपाकघरात शिरलेलं असतं. कपड्यांचे तंतू, केस आणि साबणाचा चिकट थर यांनी जाळी हळूहळू भरत जाते. म्हणून न्हाणी ट्रॅप मशीनच्या खाली कधीही येऊ द्यायचा नाही. ज्या जाळीपर्यंत हात पोचत नाही, ती साफ होत नाही.

आता प्रश्न असा, की हे पाणी शेवटी जातं कुठे? पुण्या-मुंबईच्या इमारतींत बाल्कन्या दोन प्रकारच्या असतात. स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी जागा, जिला सगळे ड्राय बाल्कनी म्हणतात, ती धुण्याभांड्यांसाठीच आखलेली असते आणि तिची मोरी सहसा सांडपाण्याच्या पाइपाला जोडलेली असते. हॉलला लागून असलेल्या बाल्कनीचं तोंड मात्र अनेकदा पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडलेलं असतं. हा पाइप खाली पावसाळी गटारात जातो आणि ते गटार पुढे नाल्याला, नदीला मिळतं. जागा मोठी म्हणून मशीन हॉलच्या बाल्कनीत नेलं, की साबणाचं पाणी प्रक्रियेशिवाय नदीत जायला लागतं. त्याआधी खालच्या मजल्यांवरचे शेजारी दारात येतात, कारण पावसाच्या पाइपाला जोडलेल्या बाल्कन्यांना बहुधा ट्रॅप नसतो आणि फेस त्यांच्या बाल्कनीत वर येतो.

आपली मोरी कुठे जाते हे ओळखायची सोपी युक्ती आहे. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ जरा सढळ हाताने कालवायची, एकाने वर पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने खाली चेंबरची झाकणं उघडवून बघायचं. निळं पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये दिसलं तर ठीक. पावसाळी गटारात दिसलं, तर त्या बाल्कनीत मशीन ठेवायचं नाही, किंवा सोसायटीला विचारून सांडपाण्याच्या पाइपापर्यंत वेगळी लाइन न्यायची. बिल्डरच्या नकाशावर विसंबण्यापेक्षा ही परीक्षा भरवशाची आहे.

इथवर जाणाऱ्या पाण्याचं झालं. येणाऱ्या पाण्याची बाजू लहान आहे, पण तिथली चूक जास्त नुकसान करते, कारण नळ उघडा असेतो येणाऱ्या पाइपात कायम दाब असतो. ड्रेन पाइप फक्त पंप चालू असतानाच पाणी सांडतो. येणारा पाइप निसटला तर गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत सांडत राहतो.

तो निसटतो कुठे, तर नळाच्या तोंडाशी. मशीनसोबत येणाऱ्या पाइपाच्या टोकाला पाऊण इंची आट्यांचं प्लॅस्टिकचं बोंडकं असतं. ते ज्याच्या तोंडाला बाहेरून पाऊण इंची आटे आहेत अशाच नळावर बसतं. जुन्या घरात बादलीचा साधा नळ असतो, गुळगुळीत तोंडाचा. मग चार स्क्रू असलेला कनेक्टर लावतात. चारही बाजूंनी स्क्रू पिळून तो नळाच्या गोल तोंडाला धरून ठेवायचा, आत रबर दाबलं जाईल अशी अपेक्षा. तात्पुरतं ते जमतं. पण मशीनची झडप विजेवर चालते आणि क्षणात बंद होते. दर वेळी पाण्याचा एक झटका मागे येतो, काही घरांत तर भिंतीतून 'ठक्' असा आवाजही ऐकू येतो. त्या झटक्यांनी स्क्रू हळूहळू सैल होतात आणि एखाद्या दुपारी कनेक्टर नळावरून उडतो. कायमच्या वापरासाठी हा कनेक्टर नकोच. वॉशिंग मशीनचा वेगळा नळ मिळतो, भिंतीकडे अर्धा इंची आटे आणि पुढे पाऊण इंची. साधा नळ काढून तो बसवणं हे प्लंबरचं थोड्या वेळाचं काम आहे.

हे काम होताना एक गोष्ट उभं राहून बघावी. टेफ्लॉन टेप भिंतीकडच्या आट्यांवर गुंडाळायची असते, मशीनच्या पाइपाच्या बोंडक्यावर नाही. तिथे पाणी अडवतं ते आतलं चपटं रबरी वायसर, आटे फक्त ते दाबून धरतात. बोंडक्यात टेप भरली की ते तिरकं चढतं, प्लॅस्टिकचे आटे झिजतात, आणि गळती थांबण्याऐवजी सुरू होते. वायसर जागेवर आहे हे बघायचं, बोंडकं हाताने घट्ट करायचं, फार तर किंचित जास्त. पान्याने पिळायचं नाही. मग नळ उघडून जोडाखाली कोरडा टिशू धरायचा. डोळ्यांना न दिसणारा थेंबही टिशूवर लगेच उमटतो.

पाइप मशीनला जिथे जोडतात तिथे आत एक छोटी जाळी असते. टँकरचं पाणी येणाऱ्या किंवा टाकी वेळच्या वेळी न धुणाऱ्या सोसायट्यांत ती रेती आणि गंजाने भरते. पाणी पूर्वी लवकर भरायचं, आता वेळ लागतो, असं वाटलं की आधी नळ बंद करून पाइप सोडवायचा, पक्कडीने जाळी अलगद ओढून काढायची आणि जुन्या टूथब्रशने धुवायची. जाळी फेकून द्यायची नाही. ती नसली तर तीच रेती झडपेत जाऊन बसते, झडप पूर्ण मिटत नाही आणि बंद मशीनमध्येही थेंब थेंब पाणी साठत राहतं.

जाळी स्वच्छ असूनही पाणी हळू येत असेल, तर घर कितव्या मजल्यावर आहे ते बघावं लागतं. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी नळापासून चार मीटर वर असेल तर दाब 0.4 बार, आणि पाइपाच्या वळणावळणांत त्यातलाही काही जातो. अनेक मशीनना निदान 0.3 बार लागतो, काहींना एक बार. म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरची घरं काठावर असतात. घरी तपासायचं तर नळाखाली बादली लावून मिनिटभरात किती लिटर भरतं ते बघावं. आठ लिटरच्या वर असेल तर सहसा अडचण येत नाही. त्याहून बरंच कमी असेल, तर वरच्या मजल्याला छोटा प्रेशर पंप लावण्यावाचून फारसा पर्याय नाही, किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल निवडावं लागतं.

आता हे सगळं एका जागेत बसवून बघू. ड्राय बाल्कनी 1.2 मीटर रुंद आणि 2.1 मीटर लांब. स्वयंपाकघराचं दार एका टोकाला, लांब भिंतीवर जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर बादलीचा नळ, आणि दूरच्या टोकाच्या उजव्या कोपऱ्याजवळ न्हाणी ट्रॅप. आणायचं आहे पंपवालं फ्रंट लोड मशीन, 60 रुंद, 60 खोल, 85 सेंटिमीटर उंच.

पहिला विचार येतो तो मशीन लांब भिंतीला पाठ करून ठेवायचा. पण मागच्या पाइपांसाठी दहा सेंटिमीटर सोडले की मशीन भिंतीपासून 70 सेंटिमीटर पुढे येतं आणि समोर उरतात फक्त 50. दार उघडून खाली बसून कपडे काढायला ते अपुरे. म्हणून मशीनची पाठ दूरच्या आखूड भिंतीला लावायची, डाव्या कोपऱ्यात. समोर 1.4 मीटर मोकळे राहतात, आणि उजवीकडे मशीनशेजारी 60 सेंटिमीटरची पट्टी उरते. न्हाणी ट्रॅप याच पट्टीत उघडा राहतो.

बादलीचा नळ डाव्या भिंतीवर असेल तर तो आता मशीनच्या आड जातो. त्यामुळे तिथून लाइन वर काढून आखूड भिंतीवर, मशीनच्या उजव्या कडेच्या जरा पलीकडे, 110 सेंटिमीटर उंचीवर मशीनचा नळ घ्यायचा. तो मशीनच्या माथ्याच्या वर आणि बाजूला येतो, उभ्या उभ्या हात पोचतो. मशीनच्या बरोबर मागे नळ ठेवला तर अडचणीच्या वेळी तो बंद करायला आधी साठ-सत्तर किलोचं मशीन ओढावं लागतं. टॉप लोड असतं तर झाकण वर उघडताना नळाला आपटणार नाही हेही मोजून बघावं लागलं असतं. त्याच लाइनवर खाली टी टाकून बादलीचा नळ उजवीकडे परत देता येतो.

उभा पाइप याच पट्टीत, आखूड भिंतीला चिकटून, दोन क्लॅम्पनी बसवायचा. तोंड 80 सेंटिमीटरवर. खाली काटकोनी कोपर न लावता लांब वळणाचा बेंड घ्यायचा, तंतू तिथे अडकत नाहीत. तिथून ट्रॅपपर्यंत अंतर 60 सेंटिमीटर. दर 40 ला एक या हिशेबाने उतार फक्त दीड सेंटिमीटर लागतो, त्यामुळे आडवा पाइप फरशीवरूनच नेता येतो. फरशी फोडायची नाही. बाल्कनीच्या फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो, आणि तो एकदा तुटला की गळती खालच्या घराच्या छतावर उमटते. आडव्या पाइपाचं टोक न्हाणी ट्रॅपच्या जाळीत भोक पाडून आत सोडायचं. जाळी उचलता यावी म्हणून हा शेवटचा जोड सॉल्व्हंटने चिकटवायचा नाही.

विजेचा 16 अँपिअरचा सॉकेट समोरच्या, म्हणजे नळ नसलेल्या भिंतीवर, नळापेक्षा उंच आणि झाकणवाला. नळ आणि सॉकेट एकाखाली एक अशी जागा बिल्डर सर्रास देतात. तिथे सॉकेट हलवून घ्यायचा खर्च टाळू नये. पावसाची झड येणारी बाल्कनी असेल तर मशीन कठड्यापासून आत हवं. मशीनवर घातलेलं कव्हर सॉकेटला वाचवत नाही.

मशीन घरी आल्यावर कंपनीचा माणूस जोडणी करायला येतो, पण त्याचं काम मशीनपुरतं असतं. तो असलेल्या नळाला पाइप लावतो, नसेल तर पिशवीतून चार स्क्रूंचा कनेक्टर काढतो, ड्रेन पाइप जाळीकडे सोडतो आणि डेमो देऊन जातो. नळ बदलणं, उभा पाइप लावणं, सॉकेट हलवणं ही कामं त्याची नव्हेत. तेव्हा मशीनची ऑर्डर दिली असेल तर डिलिव्हरीची तारीख येण्याआधीच प्लंबरला बोलवा, त्याला मॉडेलची पुस्तिका दाखवा आणि ड्रेनच्या उंचीचा आकडा भिंतीवर पेन्सिलने आखून घ्या. आणि मशीन चालू झाल्यावर दर धुण्यानंतर नळ बंद करा. येणारा पाइप साधारण पाच वर्षांनी, फुगवटा किंवा चीर दिसली तर त्याआधीच, नवा घाला.